तर्रीत किती दिवे दिसतात? नाशिकच्या एका छोट्या कॅफेचं फोटो-प्रकरण

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत हे कॅफे आहे. सहा टेबलं, एक काउंटर आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाक आणि हिशेब मालकीणबाई बघतात. ऑर्डरी घेणं आणि इन्स्टाग्राम सांभाळणं त्यांच्या भाच्याकडे. सकाळी मिसळ आणि साबुदाणा खिचडी, दुपारनंतर सँडविच आणि कोल्ड कॉफी, असा साधा मेनू. कार्ड नव्याने छापायचं ठरलं तेव्हा छपाईवाल्याने फोटो मागितले, भाच्याच्या फोनमधले फोटो पाहिले आणि म्हणाला, "हे छापले तर आहे ते गिऱ्हाईकही जाईल." मग मला बोलावणं आलं. मालकीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की नवा कॅमेरा घ्यायचा नाही आणि पुढच्या वेळी भाच्याला एकट्याला जमलं पाहिजे. मला हे रास्तच वाटलं. जिथे महिन्याला एखाददुसरा पदार्थ बदलतो, तिथे दर वेळी फोटोग्राफर परवडत नाही.

जुने फोटो संध्याकाळचे होते. सगळे काउंटरवर काढलेले, बरेचसे फ्लॅश मारून. मिसळ म्हणजे काळपट चिखल, त्यावर पांढरे ठिपके. खिचडी हळद घातल्यासारखी पिवळी. कोल्ड कॉफीचा ग्लास वर रुंद, खाली निमुळता आणि एका बाजूला कललेला. भाच्याचं म्हणणं होतं की फोन जुना आहे. फोन तीन-चार वर्षांपूर्वीचा, बारा मेगापिक्सेलचा. या कामाला तो पुरेसा होता.

जुन्या फोटोंनी काय सांगितलं

कुठलाही बिघडलेला पदार्थ-फोटो आला की मी आधी त्यात पांढरी वस्तू शोधतो. कांदा, दही, प्लेटची कड, कागदी रुमाल, काहीही चालतं. ती वस्तू सगळीकडे सारखीच पिवळी असेल तर दुरुस्ती सोपी असते. फोनमध्येच रंगाचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, थोडा निळ्याकडे सरकवला की झालं. या मिसळीच्या फोटोत कांद्याची डावी बाजू पिवळी होती आणि उजवी निळसर. याचा अर्थ दोन वेगळ्या रंगांचे दिवे एकाच ताटावर पडत होते. काउंटरच्या वर पिवळे स्पॉट बल्ब होते, साधारण तीन हजार केल्विनचे, आणि मागच्या भिंतीवर साडेसहा हजार केल्विनची पांढरी ट्यूब. फोनला एका वेळी एकाच रंगाचा हिशेब लावता येतो. पिवळा सुधारला तर दुसरी बाजू आणखी निळी पडते, निळा सुधारला तर पहिली बाजू हळदीची होते. कुठलंही फिल्टर लावलं तरी यातून सुटका नाही, आणि भाचा नेमका फिल्टर बदलण्यातच रात्री घालवत होता.

दुसरा पुरावा तर्रीत होता. तेलाचा थर म्हणजे आरसाच. वर जितके दिवे, तितके ठिपके त्यात उमटतात. मी भाच्याला फोटो मोठा करून ठिपके मोजायला लावले. सात निघाले. वर बघितलं तर स्पॉट बल्ब सहा, आणि सातवा त्याचाच फ्लॅश. तर्रीचा लालपणा त्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत कुठेतरी होता, पण डोळा आधी चमकेकडे जातो, रंगाकडे नाही.

तिसरी गोष्ट फोटोवर बोट ठेवून दाखवता येत नव्हती. सगळ्याच फोटोंवर एक पांढुरकी धूसर छटा होती, धुक्यातून काढल्यासारखी. फोन उलटा करून लेन्स बघितली तर तिच्यावर तळणीचा तेलकट थर. कॅफेत फोन दिवसभर काउंटरवर नाहीतर स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेला असतो, आणि लेन्सवर वाफ आणि तेल बसतच राहतं. चष्म्याच्या फडक्याने लेन्स पुसल्याबरोबर निम्मी धूसरता गेली. लेन्स पुसण्यापूर्वीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा फोन बदलायची भाषा थांबली.

खिडकीजवळचं टेबल

कॅफेला रस्त्याकडे तोंड करून पूर्वेची एक रुंद खिडकी आहे. सकाळी साडेदहापर्यंत तिच्यातून थेट ऊन येतं. मग सूर्य वर चढतो, ऊन आत पोचत नाही, पण आकाशाचा आणि समोरच्या इमारतीच्या क्रीम भिंतीवरून परतणारा उजेड भरपूर असतो. आपल्याला हवा तो हाच. थेट उन्हात सावल्या काळ्याकुट्ट आणि कडेला धारदार पडतात, पावाचा अर्धा भाग पांढराफटक होतो. खिडकीभर पसरलेला उजेड मात्र मोठ्या जागेतून येतो, त्यामुळे सावलीची कड विरघळते. ताटाच्या मानाने उजेडाची जागा जितकी मोठी, तितकी सावली मऊ. म्हणून टेबल खिडकीपासून दोनेक फुटांवर आणलं. लांब नेलं असतं तर तीच खिडकी ताटाला लहान झाली असती. अकरा ते एक ही वेळ ठरली, कारण तेव्हा सकाळची गर्दी ओसरलेली असते आणि जेवणाची अजून सुरू व्हायची असते.

समोरची भिंत क्रीम आहे हे नशीब. ती गुलाबी किंवा हिरवी असती तर सगळ्या पदार्थांना तो रंग चढला असता. अशा वेळी खिडकीला पांढरा मलमलचा पडदा लावला तर थोडा फरक पडतो, पण फार नाही. दुसरी खिडकी शोधणं बरं. ज्यांना ऊन असतानाच फोटो काढावे लागतात त्यांनी मात्र तो पडदा किंवा बटर पेपर जरूर लावावा. मग ती पडद्याची पूर्ण चौकट हाच आपला दिवा होतो.

यानंतर मी कॅफेतले सगळे दिवे बंद करायला सांगितले. मालकीणबाईंना ते पटेना. "अहो, अंधार पडतोय, त्यात फोटो कसा येणार?" पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच होता, म्हणून वाद न घालता त्याच टेबलावर एक पांढरी वाटी ठेवून दोन फोटो काढले, एक दिवे लावून आणि एक बंद करून. पहिल्यात वाटी दुरंगी. दुसऱ्यात फोटो किंचित गडद, पण वाटी पांढरी, आणि तिच्या गोलाईवर एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळूहळू उतरत गेलेली सावली. गोल वस्तू गोल दिसते ती या सावलीमुळे. खोलीत उजेड कमी असला तरी चालतो. फोन थोडा जास्त वेळ उजेड गोळा करतो, फक्त हात हलता कामा नये. आम्ही फोन स्टीलच्या डब्याला टेकवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबताना बसणारा हिसकाही गेला.

बाकीची मांडणी भाच्याला घड्याळावर समजावली. ताट घड्याळाच्या मध्यभागी, आपण सहाच्या आकड्यावर, तर खिडकी दहा किंवा अकराच्या आकड्यावर हवी, म्हणजे बाजूने आणि थोडी पाठीमागून. तो आजवर खिडकीकडे पाठ करून फोटो काढायचा, म्हणजे उजेड समोरून थेट पदार्थावर. तसं केलं की शेव, कांदा, मटकी सगळं एका पातळीत सपाट दिसतं, कारण सावल्या पदार्थाच्या मागे लपतात. उजेड मागच्या बाजूने आला की शेवेच्या प्रत्येक काडीला एक उजळ कड मिळते आणि ओलसर पदार्थ ओलसर दिसतो. समोरची बाजू मग काळोखी पडते. ती उचलायला चार-पाचच्या आकड्यावर पांढरी कार्डशीट उभी करायची, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. खिडकीचा उजेड तिच्यावर आपटून ताटाच्या पुढच्या भागावर येतो. ती जवळ आणली की सावली फिकी होते, लांब नेली की गडद. भाच्याला हा खेळ इतका आवडला की थोड्या वेळाने कार्डशीट ताटाला चिकटण्याच्या बेतात आली आणि सावलीच नाहीशी झाली. थोडी सावली राहू द्यावी.

मिसळ

मिसळीला मुद्दाम जास्त वेळ दिला, कारण कॅफे तिच्यावरच चालतं आणि फोटोला हा सगळ्यात अवघड पदार्थ. रंग सगळे तपकिरी-लाल आणि थर एकमेकांत बुडणारे. त्यात इथली मिसळ खोलगट स्टीलच्या वाडग्यात येते.

पहिला वाद वाडग्यावरून झाला. भाच्याला ऑनलाइन काळ्या दगडी दिसणाऱ्या प्लेटी मागवायच्या होत्या. मी नको म्हणालो. फोटोत दगडी प्लेट आणि टेबलावर स्टीलचा वाडगा आला, तर गिऱ्हाइकाला पहिल्या घासाआधीच फसवल्यासारखं वाटतं. शिवाय नाशिकमध्ये मिसळ स्टीलमध्येच ओळखीची वाटते. मालकीणबाई माझ्या बाजूने होत्या, पण बहुधा खर्चामुळे.

स्टीलची अडचण अशी की आजूबाजूचं सगळं त्यात उमटतं. पहिल्या फोटोत वाडग्याच्या पोटावर भाच्याचा लाल टी-शर्ट लख्ख दिसत होता. चमक घालवता येत नाही, तिला काय दाखवायचं तेवढं आपल्या हाती असतं. वाडग्याच्या एका बाजूला पांढरी कार्डशीट होतीच, दुसऱ्या बाजूला काळी उभी केली. आता स्टीलमध्ये उजळ भागापासून गडद भागापर्यंत एक सलग पट्टा आला आणि वाडगा धातूचा, स्वच्छ दिसू लागला. भाच्याने राखाडी शर्ट घातला. टेबलाचं चकचकीत सनमाइकाही खिडकी परावर्तित करत होतं. त्यावर ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा ठेवला. पॉलिश न केलेला कडप्पा उजेड गिळतो, चमकत नाही. शहाबादी फरशीचा तुकडाही असाच उपयोगी पडतो, फक्त तो जरा फिका असतो. फरशीवाल्याकडे असे तुकडे किरकोळ पैशांत, कधी फुकटही मिळतात.

मग कोन. खोलगट वाडगा पंचेचाळीस अंशातून बघितला तर पुढची स्टीलची भिंत निम्मा पदार्थ झाकते. अगदी वरून बघितला तर सगळं दिसतं, पण उंची जाते आणि फोनची सावली पडते. आम्ही मधला, साधारण साठ अंशांचा कोन घेतला, म्हणजे खुर्चीत ताठ बसलेल्या माणसापेक्षा थोडं वरून. फोन दुप्पट झूमवर ठेवून एक पाऊल मागे गेलो. एकपटीची रुंद लेन्स जवळ नेली की वाडग्याची पुढची कड सुजल्यासारखी मोठी दिसते. काही फोन वस्तूच्या फार जवळ गेले की आपोआप दुसऱ्या, आणखी रुंद लेन्सवर उडी मारतात. चित्र एकदम हललं की ते कळतं, आणि मागे सरकलं की ते थांबतं. पोर्ट्रेट मोड बंद ठेवला. पार्श्वभूमी धूसर करताना तो पापडाचे कोपरे आणि कोथिंबिरीची पानंही खातो.

आता मांडणी. नेहमी वाढताना उसळ, वर फरसाण, मग रस्सा आणि शेवटी कांदा, असा क्रम असतो. दोन-तीन मिनिटांत फरसाण रस्सा पितं, फुगतं आणि सगळ्याचा एक रंग होतो. खाणाऱ्याला ते हवंच असतं, फोटोला नको असतं. म्हणून क्रम बदलला, माप बदललं नाही. तीच पळी, तितकीच उसळ. झाऱ्याने उसळ निथळून वाडग्याच्या मधोमध उंचवटा केला. रस्सा वरून न ओतता कडेने सोडला आणि काठाच्या बोटभर खाली थांबवला. उरलेला वाटीत, शेजारी. तर्री चमच्याने उंचवट्याभोवती फिरवली. फरसाण अगदी शेवटी, मूठभर, माथ्यावर. त्यावर कांदा आणि कोथिंबीर, पण कांदा बारीक चिरून पाण्यातून काढून टिपलेला, कारण वाळलेला कांदा कडेने गुलाबी-करडा दिसतो. लिंबाची फोड नुकती कापलेली आणि कापलेली बाजू खिडकीकडे.

हे सगळं पळत करावं लागतं, म्हणून आधी एक डमी ठेवली. कालची उरलेली उसळ त्याच वाडग्यात घालून उजेड, कोन, कार्डशीटची जागा, पावाची जागा सगळं तिच्यावर ठरवलं. फोन लावून ठेवला, वाडग्याच्या जागेवर खडूने गोल काढला. मग भाच्याने आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "मावशी, घाल आता!" आणि खरी मिसळ त्या गोलात येऊन बसली. फरसाण पडल्यापासून पहिल्या मिनिटातले फोटोच कामाचे ठरले. नंतरच्या फोटोंत शेवेचा पिवळा रंग मातकट होत गेलेला दिसतो.

उजेडाचं शेवटचं गणित फोनवरच. पदार्थ गडद असला की फोनला वाटतं खोलीत अंधार आहे, आणि तो चित्र उजळतो. मिसळ मग नारिंगी, पातळ दिसते. स्क्रीनवर कांद्याच्या ढिगावर बोट दाबून धरलं की फोकस तिथे पक्का होतो. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढलं. तर्री लाल झाली, मसाल्याचा काळपटपणा दिसू लागला, आणि इथल्या मिसळीत काळा मसाला असतो हे न सांगता कळलं. सात ठिपक्यांच्या जागी आता खिडकीची एकच लांबट चमक होती.

खिचडी आणि कोल्ड कॉफी

खिचडीची तऱ्हा नेमकी उलटी. पांढऱ्या प्लेटमध्ये पांढरी खिचडी दिसली की फोनला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो चित्र करडं करतो. इथे सूर्य वर ओढायचा. किती वर, याची खूण अशी की प्लेट जवळजवळ पांढरी व्हावी, पण साबुदाण्याचा दाणा दाण्यापासून वेगळा दिसत राहावा. दाणे पुसले गेले की जास्त झालं.

खिचडीचा खरा शत्रू वेळ. गरम असताना दाणा काचेसारखा असतो, निवला की चिकटून गोळा होतो. कढईतून काढल्याबरोबर काट्याने मोकळी करून प्लेटमध्ये सैल रास केली. चमच्याने दाबून आकार देण्याचा मोह टाळला. दाण्याचा कूट सगळीकडे सारखा लागलेला असला की खिचडी धुळकट दिसते, म्हणून मालकीणबाईंनी थोडा कूट जाडसर ठेवून वरून घातला. पातळ केलेलं साजूक तूप ब्रशने दोन-चार ठिकाणी लावलं, चमकेपुरतं. कोथिंबिरीवरून मात्र स्वयंपाकघरात मतभेद झाले. काही घरांत उपवासाला कोथिंबीर चालते, काहींत मुळीच नाही, आणि खिचडीवर कोथिंबीर दिसली की पोस्टखाली खिचडी सोडून तीच चर्चा सुरू होते. आम्ही जिरं, हिरवी मिरची आणि लिंबावर भागवलं. शेजारी दह्याची वाटी. कडप्प्याचा गडद रंग खाली होताच, त्यामुळे पांढऱ्या प्लेटीची कड आपोआप उठून दिसली.

कोल्ड कॉफीचा ग्लास कलतो आणि निमुळता दिसतो, कारण फोटो वरून तिरका काढलेला असतो. उंच पदार्थासाठी फोन ग्लासाच्या मध्याइतक्या उंचीवर आणायचा आणि सरळ उभा धरायचा. स्क्रीनवर जाळीच्या रेषा चालू ठेवल्या आणि ग्लासाची कड उभ्या रेषेला समांतर आणली की काम झालं. खिडकी मागून असेल तर सरबत किंवा कोकम आतून उजळतं, पण दूध घातलेली कॉफी अपारदर्शक असते. मागून उजेड आला की पुढची बाजू काळी राहते. म्हणून ग्लास फिरवून खिडकी सरळ बाजूला, नऊच्या आकड्यावर घेतली आणि कार्डशीट तीनवर.

आत चॉकलेट सिरपच्या रेघा हव्या असतील तर ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवावा. थंड काचेवर सिरप चिकटून राहतं, कोमट काचेवरून ते घसरून तळाशी जमतं. कॉफी ओतली की फेस मिनिटभरात बसायला लागतो, त्यामुळे इथेही रिकामा ग्लास ठेवून सगळं आधीच ठरवलं. बाहेरच्या बाजूला थेंब हवेत म्हणून काही जण औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन निम्म्या पाण्यात मिसळून फवारतात. ते थेंब तासभर टिकतात खरे, पण मग तो ग्लास कुणाला प्यायला देता येत नाही. आम्ही पावसाळ्यात काम करत होतो. दमट हवेने थंड ग्लासावर फुकट थेंब दिले. उलट ते जास्त झाले, आणि काच दुधाळ दिसू लागली तेव्हा समोरचा भाग एकदा पुसून पुन्हा थेंब येईपर्यंत थांबावं लागलं.

संध्याकाळचं सँडविच

सँडविच चारनंतरच सुरू होतं, आणि पूर्वेच्या खिडकीत तेव्हा काही उरत नाही. सकाळी खास एक सँडविच बनवून फोटो काढणं हा सरळ उपाय होता आणि मेनू कार्डासाठी तोच केला. पण भाच्याला रोजच्या स्टोरीसाठी संध्याकाळीही काहीतरी हवं होतं. तिथे एकच एलईडी दिवा, खिडकीच्याच जागी, पुढे हातभर अंतरावर बटर पेपर ताणलेला, आणि त्या टेबलावरचे बाकी दिवे बंद, असं ठरवलं. दिवा घेताना वॅटपेक्षा खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघावा, नव्वद किंवा जास्त. स्वस्त एलईडीत लाल रंगाचा उजेड कमी असतो, आणि टोमॅटो, तर्री, गाजर हे सगळे त्यात मेलेले दिसतात. व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय असं समजावं. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात.

छपाई, आणि फोनबाहेरचे घोळ

फोटो घेताना ताटाभोवती मुद्दाम जागा सोडली होती. कार्डावर फोटो आडवा बसणार होता, इन्स्टाग्रामच्या पोस्टला उभा लागतो, रीलला त्याहून उभा, आणि रीलच्या तळाशी मजकूर येत असल्याने तिथे पाव ठेवला तर तो झाकला जातो. भाचा सवयीने ताट चौकटीत ठासून भरायचा. तसा फोटो एकाच ठिकाणी चालतो.

छपाईवाल्याने नेहमीप्रमाणे सांगितलं, "व्हॉट्सॲपवर टाका." व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. छापायला इंचाला तीनशे पिक्सेल लागतात, म्हणजे तीन इंची फोटोला नऊशे. मूळ फोटो चार हजार पिक्सेल रुंद होता, पण व्हॉट्सॲपवरून गेलेला आणि मग कडेने कापलेला फोटो या हिशेबात काठावर येतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. आम्ही तसाच पाठवला.

पूर्ण छपाईआधी एक नमुना मागितला आणि तो खिडकीत व कॅफेच्या बल्बखाली, दोन्हीकडे धरून बघितला. तर्रीचा लाल कागदावर विटकरी आला होता. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद तो फक्त परतवतो, आणि छपाईच्या चार शाया स्क्रीनवरचा प्रत्येक भडक लाल-हिरवा गाठू शकत नाहीत. मिसळीचा फोटो छपाईसाठी थोडा उजळ करून वेगळा ठेवला. स्क्रीनवर तो जरा फिका वाटतो, कार्डावर बरोबर. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट हवं, हेही त्या बल्बखालीच ठरलं, कारण चकचकीत कार्डावर स्पॉट बल्बचे तेच ठिपके परत आले होते. मॅटमध्ये गडद रंग किंचित मरतात, ते सोसलं.

ऑनलाइन ऑर्डरीच्या ॲपसाठी मिसळीचा आणखी एक फोटो वेगळा काढला, पार्सलच्या डब्यांचा. घरी पोचते ती मिसळ उसळ, रस्सा, फरसाण आणि कांदा अशी सुटी असते; वाडग्यातला फोटो दाखवून चार डबे पाठवले तर तक्रार येणारच. तो फोटो देखणा नाही, पण पहिल्याच्या शेजारी दुसरा म्हणून ठेवला आहे.

राहता राहिला गूगलवरच्या नोंदीचा प्रश्न. मालकीणबाईंना तिथले जुने पिवळे फोटो काढून टाकायचे होते. स्वतः चढवलेले काढता आले. पण बरेचसे गिऱ्हाइकांनी टाकलेले निघाले, आणि ते केवळ वाईट दिसतात म्हणून मालकाला काढता येत नाहीत. नियमबाह्य असतील तरच तक्रार करता येते. ते फोटो संध्याकाळी, त्याच टेबलांवरून, त्याच दुरंगी उजेडात काढलेले होते, आणि पुढेही लोक तिथूनच काढत राहणार होते. त्यावर उपाय दिवाबत्तीतच होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून स्पॉट बल्ब आणि ट्यूब दोन्ही बदलले, सगळे चार हजार केल्विनचे, जास्त सीआरआयचे, आणि टेबलांच्या थेट डोक्यावरचे दोन स्पॉट भिंतीकडे वळवले. भाच्याने त्याच रात्री काउंटरवर मिसळ ठेवून फोटो काढला आणि मला पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. तर्रीत अजून चार ठिपके आहेत, पण कांदा दोन्ही बाजूंनी पांढरा आहे.